झेंडूच्या एका फोटोची दहा वर्षं

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटे दादरच्या फूलबाजारात काढलेला एक फोटो माझ्याकडे आहे, २०१३ सालचा. वर निळी ताडपत्री ताणलेली, तिच्याखाली झेंडूचा ढीग, कडेला आंब्याचे टहाळे आणि मागे तराजू धरून उभी असलेली एक बाई. फोटो म्हणून तो बेताचाच आहे. पण त्यानंतरच्या दहा वर्षांत मी तो चार वेळा रिसोग्राफच्या छपाईसारखा करून पाहिला आणि त्यातल्या तीन वेळा चुकलो.

आधी मूळ यंत्राबद्दल. रिसोग्राफ हा आपल्या सायक्लोस्टाइलचाच जपानी वारसदार. नोबोरू हायामा यांनी १९४६ साली टोकियोत सुरू केलेल्या रिसो कंपनीने १९८०च्या दशकात तो बाजारात आणला, आणि तो शाळा, कचेऱ्या, प्रार्थनामंदिरं अशा ठिकाणी पत्रकं काढायला वापरला जाई. सायक्लोस्टाइलचा स्टेन्सिल टंकयंत्राने किंवा लोखंडी लेखणीने कापायचा; इथे यंत्र उष्णतेने एका पातळ मास्टरला बारीक भोकं पाडतं, तो मास्टर शाईने भरलेल्या ड्रमवर गुंडाळतं आणि कागद खालून सरकवतं. एका ड्रममध्ये एकच रंग. गुलाबी हवा तर गुलाबीचा ड्रम, निळा हवा तर तो काढून निळ्याचा. भोक एक तर आहे किंवा नाही, त्यामुळे फिकट निळा असा प्रकारच नाही. विरळ ठिपके म्हणजे फिकट, दाट ठिपके म्हणजे गडद. चित्रकारांच्या हाती हे यंत्र लागलं तेव्हा नेमकी हीच मर्यादा त्यांना आवडली.

२०१५ साली मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी इंटरनेटवर चार प्रिंट पाहिले होते. रंग हललेले दिसतात आणि वर वाळू भुरभुरल्यासारखी दिसते, एवढंच कळलं होतं. मग फोटोतले लाल, हिरवा आणि निळा हे तीन चॅनल प्रत्येकी पंचवीस-पंचवीस पिक्सेल वेगवेगळ्या दिशांना सरकवले आणि सगळ्यावर नॉइजचा एक थर टाकला. चार मित्रांनी कौतुक केलं. आमच्या गल्लीत ऑफसेटचा छापखाना चालवणाऱ्या काकांना मात्र मोबाइलवर दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "रजिस्टर हललंय म्हणता? हे तर टीव्हीचा अँटेना हलल्यासारखं दिसतंय."

काकांचं बरोबर होतं. पडद्याचे तीन चॅनल म्हणजे प्रकाश. ते एकमेकांत मिसळले की उजळतात. शाई कागदावरचा प्रकाश खाते, म्हणून शाईवर शाई चढली की गडद होते. प्रकाशाचे चॅनल सरकवले की कडांना लाल आणि आकाशी झालर येते; रिसोच्या छपाईत मात्र झालर वापरलेल्या शायांच्याच रंगांची येते. शिवाय माझा नॉइज कोऱ्या कागदावरही पडला होता. खऱ्या प्रिंटमध्ये कण शाईचे असतात. जिथे शाई नाही तिथे कण कुठून येणार? आजही कुणी असं चित्र दाखवलं की मी आधी पांढरी जागा बघतो. तिथे वाळू दिसली तर ते छपाई न समजता केलेलं आहे, हे पक्कं.

आणि पंचवीस पिक्सेल! हा फोटो ८ इंच रुंद कागदावर छापायचा आणि पडद्यावर १०८० पिक्सेल रुंद दाखवायचा असं धरलं, तर १ मिलिमीटर म्हणजे जेमतेम ५ पिक्सेल. मी थेट ५ मिलिमीटर रंग हलवला होता. एवढा हललेला कागद छपाईवाला ढिगात ठेवत नाही, रद्दीत टाकतो. रिसोवर अर्धा-एक मिलिमीटर इकडे-तिकडे होतं. म्हणजे या आकारात तीन ते पाच पिक्सेल.

२०१९ साली दुसऱ्यांदा बसलो तेव्हा शाईच्या बाजूने विचार केला. तीन शाया धरल्या: निळी, फ्लोरोसंट गुलाबी आणि पिवळी. फोटोत लाल प्रकाश जिथे कमी तिथे निळी शाई, हिरवा प्रकाश कमी तिथे गुलाबी, निळा प्रकाश कमी तिथे पिवळी. चॅनल उलटे केले की तीन प्लेटा तयार. झेंडू झकास आला, टहाळेही बरे आले. ताडपत्री मात्र मळली. जणू तिच्यावर चार पावसाळे गेले.

हिशोब मांडल्यावर कारण कळलं. मी घेतलेली निळी शाई पडद्यावर #0078BF अशी दाखवतात. ती लाल प्रकाश पूर्ण खाते, तो तिचा धर्मच. पण ती हिरवा प्रकाशही निम्म्याहून अधिक खाते आणि निळ्याचा पाव भाग खाते. ताडपत्रीचा एक ठिपका घेऊ: लाल ४०, हिरवा ९०, निळा १६०. नुसते चॅनल उलटले तर निळी ८४ टक्के, गुलाबी ६५ आणि पिवळी ३७ टक्के येते. पण त्या निळ्या शाईने हिरवा आणि निळा प्रकाश आधीच खाल्लेला आहे, आणि गुलाबी-पिवळी येऊन पुन्हा तोच खातात. छापून निघतं ते साधारण ४०, ७३, १०१. म्हणजे मळका निळा. बाकीच्या शायांनी किती खाल्लं ते वजा करून उरलेल्यासाठीच गुलाबी आणि पिवळी मोजली तर गुलाबी ५० वर येते आणि पिवळी अवघी ६ टक्के उरते. पिवळीचे ते ३१ जास्तीचे टक्के म्हणजेच माझ्या ताडपत्रीवरचा मळ. झेंडूच्या ठिपक्यावर निळी जेमतेम ६ टक्के, म्हणून तिथे हा घोटाळा दिसलाच नव्हता. तेव्हापासून सेपरेशन तपासायचं ते फोटोतल्या सगळ्यात निळ्या जागी.

तिसरी चूक २०२१ची, आणि ती मला सापडायला सगळ्यात जास्त वेळ लागला. प्लेटा आता बरोबर होत्या, कणही प्रत्येक प्लेटमध्ये शाईचेच होते. तरी टहाळ्यांचा हिरवा सपाट आणि निर्जीव वाटायचा. शेवटी पडद्यावर आठपट मोठं करून पाहिलं. हिरव्यात मला फक्त दोनच गोष्टी दिसत होत्या: हिरवे ठिपके आणि कोरा कागद. पिवळा सुटा ठिपका नाही, निळा सुटा ठिपका नाही.

झालं होतं असं, की तिन्ही प्लेटांचे कण मी एकाच यादृच्छिक नमुन्यातून काढले होते. जिथे पिवळ्याचा ठिपका पडे, नेमका तिथेच निळ्याचाही पडे. प्रत्यक्षात प्रत्येक मास्टर वेगळा जळतो. पिवळी ५० टक्के आणि निळी ५० टक्के असेल आणि ठिपके एकमेकांना न विचारता पडत असतील, तर पाव भाग नुसता पिवळा, पाव भाग नुसता निळा, पाव भाग हिरवा आणि पाव भाग कागद, असा चौघांचा मेळ होतो. डोळ्याला जो सळसळता हिरवा दिसतो तो या चौघांचा मिळून. दुरुस्ती चार ओळींची होती:

```python
for plate, ink, (dx, dy) in zip(plates, inks, shifts):
    dots = np.random.rand(*plate.shape) < plate
    dots = np.roll(dots, (dy, dx), axis=(0, 1))
    paper *= np.where(dots[..., None], ink, 1.0)
```

दर फेरीला `np.random.rand` नव्याने बोलावलं जातं, म्हणून प्रत्येक शाईचे कण स्वतंत्र. शेवटच्या ओळीतला गुणाकार म्हणजे ओव्हरप्रिंट: कागदावर जे आहे त्याला शाईच्या रंगाने गुणायचं. ही सगळी खटपट करून झाल्यावर मला सॅम लॅव्हिन आणि टेगा ब्रेन यांची `p5.riso` ही लायब्ररी सापडली. तिच्यात एकेक शाई हा स्वतंत्र थर म्हणूनच हाताळलेली आहे. आधी सापडली असती तर दोन वर्षं वाचली असती, हे खरं. पण ताडपत्रीचा मळ कुठून आला हे मला कळलं नसतं, हेही खरं.

चौथ्या वेळी, २०२३ साली, मी प्लेटा घेऊन खऱ्या यंत्रासमोर उभा राहिलो. यंत्र दोन ड्रमचं होतं. तीन रंग म्हणजे कागद दोनदा जाणार: पहिल्या फेरीत पिवळा आणि गुलाबी एकत्र, मग शाई मुरू द्यायची, मग ड्रम बदलून निळा. मुरू द्यायची म्हणजे अक्षरशः मुरू द्यायची. ही तेलकट शाई रंगासारखी वाळत नाही, कागदात जिरते. म्हणून चकचकीत कागद चालत नाही, आणि ओल्या कागदावर दुसरी फेरी काढली की आत ओढणारा रोलर शाई उचलतो आणि पुढे पट्टा उमटवत जातो.

पन्नास प्रती निघाल्या. त्या टेबलावर पसरून बघताना संगणकावर कधी न सुचलेली गोष्ट ध्यानात आली. पिवळा आणि गुलाबी यांची आपापसातली जुळणी जवळपास प्रत्येक प्रतीत सारखीच होती, कारण दोन्ही एकाच फेरीत छापले गेले. भटकत होता तो निळा. कधी वर, कधी किंचित डावीकडे, एका प्रतीत तर कागद तिरका आत गेल्यामुळे चक्क वळलेला. झेंडूची फुलं सगळ्या प्रतींत नीटनेटकी होती, कारण त्यांच्यात निळा जवळजवळ नाहीच. बाईचा चेहरा मात्र प्रतीगणिक वेगळा. काहींत तिच्या डोळ्यांच्या काळ्या रेषेतला निळा पापणीवर चढला होता, काहींत गालावर उतरला होता. मी इतकी वर्षं तिन्ही रंग सारख्याच अंतराने हलवत होतो. आता पिवळा जागच्या जागी ठेवतो, गुलाबी एखाद-दुसरा पिक्सेल, आणि निळ्याला पाचापर्यंत मोकळीक. शिवाय अर्ध्या अंशाच्या आत थोडं वळणही.

एका गोष्टीपुढे मात्र हात टेकले. फ्लोरोसंट गुलाबी कागदावर पेटल्यासारखी दिसते, कारण ती खाल्लेल्या प्रकाशाचा काही भाग लालसर करून परत देते. पडदा ते दाखवूच शकत नाही. #FF48B0 हा त्यातल्या त्यात जवळचा आकडा. कागदावरचा झेंडू आणि पडद्यावरचा झेंडू शेजारी ठेवले की पडद्यावरचा आदल्या दिवशीचा वाटतो.

पन्नासातली एक प्रत काकांना नेऊन दिली. त्यांनी ती उजेडात धरली, भिंग काढलं, बाईच्या डोळ्यापाशी थांबले. "निळा पाऊण मिलिमीटर वर आहे," म्हणाले, आणि अंगठ्याने ताडपत्री चोळून पाहिली. अंगठा निळा झाला. "आणि शाई पण ओलीच." ती छापून तोवर तीन आठवडे झाले होते.