पाऊस आला तर फोटो कधी?

गेल्या ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी रात्री मला एका आजींचा फोन आला. दुसऱ्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी साडेचारला त्यांच्या सुनेच्या डोहाळजेवणाचे फोटो काढायचे ठरले होते. मुळशीच्या वाटेवरचं ओळखीचं शेत, मागे डोंगर, पुढे कापणीला आलेला भात. मी दुपारीच "उद्याचं शूट पुढे ढकलू या" असा निरोप पाठवला होता. आजी म्हणाल्या, "अहो दादा, आज दिवसभर लख्ख ऊन होतं. आभाळात ढगाचा ठिपका नाही. मग कशाला बदलता?"

त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. सकाळचं स्वच्छ आभाळ पाहून संध्याकाळचा अंदाज बांधायचा, ही आपली सगळ्यांचीच सवय असते. जुलैत ती बऱ्यापैकी चालते, कारण तेव्हाचा पाऊस पश्चिमेकडून येतो आणि ढगाळ दिवस सकाळपासूनच ढगाळ असतो. परतीच्या पावसाचं तसं नाही. ऑक्टोबरात सकाळी ऊन कडक तापतं, हवेत दमटपणा शिल्लक असतो, आणि दुपारी बाराच्या सुमारास फुलकोबीच्या गड्ड्यासारखे पांढरे ढग उभे वाढायला लागतात. त्यांचे माथे उंच चढत गेले, वारा पडला आणि अंगाला चिकचिक झाली, की तीन-चार तासांत विजांसह सर येण्याची शक्यता असते. हे ढग बहुधा पूर्वेकडून सरकतात. मुळशीकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाला ते पाठीमागून येताना दिसतही नाहीत.

म्हणून ऑक्टोबरात मी तारखेइतकाच वेळेचाही विचार करतो. संध्याकाळचं शूट दुसऱ्या संध्याकाळी ढकललं, तर तोच पाऊस पुन्हा गाठण्याची भीती असते. ते सकाळी नेलं तर बहुतेक वेळा निभावतं. पुण्यात ऑक्टोबरच्या मध्याला सूर्य साधारण साडेसहाला उगवतो. पावणेसात ते सव्वाआठ एवढा दीड तास मऊ, तिरपा उजेड मिळतो आणि त्या वेळी उभे ढग तयारच झालेले नसतात. संध्याकाळच्या सोनेरी उजेडाची लोकांना ओढ असते, ती मी समजू शकतो. पण सकाळचा उजेडही तितकाच चांगला असतो, आणि रात्री पाऊस पडून गेला असेल तर धूळ बसल्यामुळे डोंगर जास्त स्वच्छ दिसतात.

फक्त ढग असतील तर मी शूट कधीच बदलत नाही. एकसारखं ढगाळ आभाळ म्हणजे डोक्यावर ताणलेला पांढरा पडदा. चेहऱ्यावर कडक सावली पडत नाही, डोळे मिचकावे लागत नाहीत. हलकी रिमझिमही छत्रीखाली चालते. बदलायचं ते तीन कारणांनी: जोराचा पाऊस, विजा आणि पायाखालची जमीन. विजांच्या बाबतीत मी तडजोड करत नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. तीस सेकंदांच्या आत गडगडला तर उघड्या शेतातून निघून घरात किंवा बंद गाडीत बसायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर यायचं नाही. लाइटचे धातूचे उंच स्टँड आणि छत्र्या उघड्या माळावर उभ्या ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

अंदाज पाहताना मोबाइलवरचं ढगाचं चित्र मी शेवटी पाहतो. आधी हवामान विभागाचा जिल्ह्याचा इशारा. त्यातही पुणे जिल्हा एक समजून चालत नाही. ताम्हिणीला धो धो पाऊस पडत असताना बारामतीत ऊन असू शकतं, म्हणून घाटमाथ्याचा अंदाज वेगळा दिला जातो तो वाचायचा. शूटच्या दिवशी रडारचं चित्र आणि पुढच्या तीन तासांसाठी दिली जाणारी तातडीची सूचना पाहायची. विजांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं तयार केलेलं 'दामिनी' हे अॅप आहे. ते प्रत्येक कुटुंबाच्या मोबाइलमध्ये असावं असं मला वाटतं.

आता मूळ गोष्ट. आजींच्या सूनबाईंना त्या शनिवारी बत्तिसावा आठवडा पूर्ण होत होता. गरोदरपणाचे फोटो साधारण अठ्ठावीस ते चौतीस आठवड्यांत काढणं सोयीचं पडतं. पोट छान दिसतं आणि बाईला उभं राहणं, वाकणं अजून फार जड जात नाही. म्हणजे आमच्या हातात उरले होते जेमतेम दोन आठवडे. लग्नाआधीचे फोटो महिनाभर पुढे नेता येतात, इथे तसं करता येत नाही. त्यामुळे राखीव तारीख बुकिंगच्या वेळीच ठरवून ठेवली होती: पुढचा गुरुवार, सकाळी पावणेसात. रविवार का नाही, असं त्यांच्या मुलानं विचारलं होतं. ऑक्टोबरात कमी दाबाचा पट्टा आला की तो दोन-तीन दिवस मुक्काम करतो. शनिवार बुडवणारा पाऊस रविवारही बुडवण्याची शक्यता बरीच असते. मध्ये चार-पाच दिवस गेले तर हवा बदलायला वाव मिळतो. त्यांच्या मुलाला गुरुवारी साडेदहापर्यंतची अर्ध्या दिवसाची रजा आधीच सांगून ठेवता आली. आणि गुरुवारही बुडाला, तर त्यांच्याच घरात पूर्वेकडच्या मोठ्या खिडकीपाशी फोटो काढायचे, हेही लिहून ठेवलं होतं.

निर्णय कधी घ्यायचा, हे मला फुलांनी शिकवलं. पूर्वी मी शेवटच्या तासापर्यंत वाट पाहायचो. एकदा तसंच घडलं: फुलांचे दागिने गुंफून आले, मेकअप झाला, आम्ही शेतावर पोहोचलो आणि सर आली. मोगऱ्याच्या कळ्या भिजून तपकिरी पडल्या. दागिने, मेकअप, भाड्याचा पोशाख, सगळा खर्च त्या कुटुंबाला पुन्हा करावा लागला. चूक माझी होती. फुलांची वाडी गुंफणाऱ्या बाई आदल्या संध्याकाळी फुलं आणतात आणि रात्री बसून दागिने करतात. एकदा फुलं खरेदी झाली की परत फिरता येत नाही. म्हणून आता पहिली सूचना दोन दिवस आधी, आणि पक्का निर्णय आदल्या दिवशी दुपारी तीनच्या आत. निर्णय मी घेतो, पण घरच्यांना हवा तर तेही घेऊ शकतात. गरोदर बाईला पाऊस नसतानाही त्या दिवशी बरं वाटत नसेल, तर तेवढं कारण पुरेसं आहे.

त्या शुक्रवारचा माझा निरोप असा होता: "ताई, उद्या दुपारनंतर विजांसह पावसाचा इशारा आहे. उद्याचं शूट रद्द करून ते गुरुवारी सकाळी ६.४५ ला नेतो. जागा तीच. तुमची आगाऊ रक्कम तशीच पुढच्या तारखेला धरली आहे, जास्तीचे पैसे नाहीत. मेकअपवाल्या आणि फुलांच्या बाईंना मी आत्ताच कळवतो. गुरुवारसाठी त्यांचा होकार आला की तुम्हाला पाच वाजेपर्यंत सांगतो." शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. राखीव तारीख फोटोग्राफरनं ठेवलेली असते, पण मेकअपवालीनं ठेवलेली असतेच असं नाही. तिचं ते स्वतंत्र काम आहे. तिच्या पैशांचं काय होणार हे तिलाच आधी विचारून घ्यावं लागतं. घरच्यांनी हे बुकिंगच्या दिवशीच विचारलं तर नंतरचा बराच मनस्ताप वाचतो.

मधल्या पाच दिवसांत घरच्यांनी करायची तयारी मुख्यतः कपड्यांची आणि पायांची असते. पैठणीवर पाण्याचा थेंब पडला तर डाग राहू शकतो, म्हणून ती शेतात नेसायची असेल तर पहिले फोटो तिच्यात काढायचे आणि जोडीला एक सुती साडी बॅगेत ठेवायची. जॉर्जेट ओलं झालं की अंगाला चिकटतं. सकाळच्या दवातही निऱ्या घोट्यापर्यंत भिजतात. मी खाली अंथरायला एक जाड प्लास्टिकचा कागद नेतो, तो साडीच्या घेराखाली लपतो. छत्री न्यायची तर पांढरी किंवा पारदर्शक. लाल छत्रीखाली चेहरा लालसर आणि निळ्या छत्रीखाली निस्तेज दिसतो, कारण कापडातून झिरपणारा उजेडच रंगीत होतो. नंतर संगणकावर तो रंग काढताना साडीचाही रंग बदलतो. दमट हवेत मोकळे केस फुगतात. अंबाडा आणि गजरा टिकतो.

पायाची गोष्ट मी सर्वात जास्त बजावून सांगतो. पाऊस थांबला म्हणजे शेत वाळलं असं होत नाही. काळी माती ओली असली तर पाऊल रुततं आणि बांधावरचं गवत निसरडं होतं. आठव्या महिन्यातल्या बाईचा तोल आधीच बदललेला असतो. तळव्याला घट्ट पकड असलेले बूट घालून चालायचं, फोटोच्या जागी पोहोचल्यावर चप्पल बदलायची आणि मध्ये कुणीतरी हात धरायचा. बुधवारी संध्याकाळी मी शेताच्या मालकांना फोन करून पायवाटेचे दोन फोटो मागवून घेतले. खालच्या अंगाला पाणी साचलं होतं, म्हणून आम्ही वरच्या खाचराच्या मुरमाड कडेला जागा बदलली.

सकाळच्या वेळेमुळे एक कष्ट मात्र वाढतो. मेकअप पावणेपाचला सुरू करावा लागतो. उपाशीपोटी निघायचं नाही. दूध, केळं, जे पचतं ते खाऊन निघावं. पाठीची खुर्ची, पाणी आणि जवळचं स्वच्छतागृह कुठे आहे याची चौकशी आधीच केलेली असावी. पाठीवर सपाट झोपून काढायचे फोटो मी या दिवसांत घेत नाही, आणि डॉक्टरांनी काही बंधन सांगितलं असेल तर ते मला आधी कळलं पाहिजे.

गुरुवारी आम्ही सहा पन्नासला सुरुवात केली. आजींनी स्वतः सुनेच्या केसांत गजरा माळला, तो फोटो त्या घरात आता दिवाणखान्यात लावला आहे. सव्वाआठला कॅमेरे बॅगेत गेले. त्याच दिवशी दुपारी साडेतीनला त्या शेतावर पुन्हा पाऊस पडला.