राखीव दिवस सगळ्यांचे

घरदुरुस्तीत प्लंबर, गवंडी, सुतार, रंगारी प्रत्येकजण 5 दिवसांच्या कामाला 10 सांगतो. एकूण 40 दिवस, तरीही उशीर होतोच. वेळ आहे म्हणून काम उशिरा सुरू होतं. लवकर संपलं तरी पुढचा माणूस ठरल्या तारखेलाच येतो.

एलियाहू गोल्डरॅट यांनी 1997 मध्ये ‘क्रिटिकल चेन’ या पुस्तकात उपाय मांडला. प्रत्येक कामाला 5 दिवस द्या, वाचलेल्या 20 पैकी 10 शेवटी सगळ्यांसाठी राखून ठेवा. मुदत झाली 30 दिवस. मग काम किती झालं आणि राखीव किती संपलं, एवढंच पाहत राहायचं. निम्म्या कामात 3 राखीव दिवस गेले तर चिंता नाही. पाव कामातच 7 गेले तर लगेच लक्ष घालायला हवं. मात्र 5 दिवस ओलांडले म्हणून गवंड्याला दटावलं, तर पुढच्या वेळी तो पुन्हा 10 च सांगेल.