एकाच कंपनीत चढलेल्या पायऱ्या
जहाजावरच्या नोकरीचा बायोडेटा वाचणारा माणूस त्यात काय शोधतो?

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या बाजूला अशी घरे पुष्कळ आहेत, जिथे आजोबा सारंग होते, वडील एबी होते आणि आता मुलगा ट्रेनी सीमन म्हणून पहिल्या जहाजाची वाट पाहतो आहे. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये वेगळा जिल्हा झाला. त्याआधी हा सारा किनारा रत्नागिरी जिल्ह्यातच होता, आणि रत्नागिरीच्या मुसलमान खलाशांना इंग्रजी आगबोट कंपन्यांच्या डेकवर मोठी मागणी असे. त्या काळी बायोडेटा नव्हता. सारंग आपल्या गावातली, नात्यातली पोरे घेऊन जहाजावर चढायचा. कोण कामाचा आणि कोण नुसता खाणारा, हे त्याला ठाऊक असायचे. त्यातला एखादा पुढे टिंडेल व्हायचा, मग सारंग.

आज ती निवड मुंबईच्या एखाद्या क्रूइंग ऑफिसात होते. तिथल्या माणसाने मुलाला कधी पाहिलेले नसते. त्याच्यापुढे दोन पानांचा बायोडेटा असतो आणि सीडीसीच्या, म्हणजे खलाशाच्या नोकरीपुस्तकाच्या, झेरॉक्स असतात. एका जागेसाठी चाळीस बायोडेटा आले तर तो प्रत्येकाला गुण देतो आणि वरच्या पाच-सहा जणांनाच बोलावतो. या गुणांत एक भाग असा आहे, जो आपली मुले नीट लिहीत नाहीत आणि कित्येकदा वाचणाराही चुकीचा वाचतो. तो म्हणजे एकाच कंपनीत झालेली बढती.

ही बढती एवढी महत्त्वाची का, ते आधी पाहू. किनाऱ्यावरच्या नोकरीत माणूस एकाच ठिकाणी दहा वर्षे राहिला, तर त्याचे कारण नुसती सवय असू शकते. जहाजावर तसे नसते. खलाशाचा करार सहा ते नऊ महिन्यांचा असतो आणि तो संपला की नोकरीही संपते. घरी दोन-तीन महिने राहिल्यावर कंपनीने पुन्हा बोलावले, तर तो नवा निर्णय असतो. कंपनीला माणूस पुन्हा हवा आहे आणि माणसालाही तीच कंपनी हवी आहे. म्हणून एका कंपनीचे पाच करार म्हणजे कंपनीने एकदा निवडले आणि नंतर चार वेळा परत बोलावले, असे वाचायचे.

बढतीचा अर्थ याहून मोठा आहे. ओएसला एबी केले, की तो समुद्रात सुकाणू धरतो आणि रात्रीच्या पहाऱ्याला उभा राहतो. एबीला बोसन केले, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत सारंग केले, की साऱ्या डेकचे काम त्याच्या हुकमावर चालते. ज्या कंपनीने मुलाला दोन-तीन करार जवळून पाहिले, तिने त्याच्या हाती आपले जहाज दिले, ही साक्ष आहे. कंपनी बदलताना मिळालेल्या वरच्या दर्जाला तेवढे वजन नसते. तिथे नव्या कंपनीने मुलाला पाहिलेले नसते. तिने कागद पाहिलेला असतो, आणि कधी कधी तिला माणसाची फक्त घाई असते.

अधिकाऱ्यांच्या बाबतीत हे मोजमाप लेखी स्वरूपातही आहे. तेलकंपन्यांची ओसीआयएमएफ नावाची संस्था आहे. तिच्या तपासणी कार्यक्रमात टँकरवरच्या अधिकाऱ्यांचा एक तक्ता भरावा लागतो. त्यात सध्याच्या दर्जात किती वर्षे आणि या जातीच्या टँकरवर किती वर्षे हे तर असतेच, पण या चालक कंपनीत किती वर्षे, असा वेगळा रकाना असतो. कॅप्टन आणि चीफ ऑफिसर दोघेही कंपनीत अगदी नवे असले, तर तेलकंपनी ते जहाज भाड्याने घेताना अडून बसू शकते. त्यामुळे आपल्याच माणसांना वर चढवण्यात कंपनीचा स्वतःचाही फायदा असतो. खलाशांसाठी असा तक्ता नाही. तिथे बायोडेटा वाचणाऱ्याला आपल्याच हिशोबावर चालावे लागते.

तो हिशोब उदाहरणाने पाहू. समजा, एका प्रॉडक्ट टँकरसाठी बोसन हवा आहे. एकूण गुण पन्नास. त्यातले चाळीस सर्टिफिकेट, टँकरचा अनुभव, त्या जागेवर आधी केलेले काम आणि मुलाखत यांना. उरलेले दहा एका कंपनीतल्या वाढीला, आणि ते असे: परत बोलावल्याच्या प्रत्येक वेळेला एक गुण, जास्तीत जास्त चार. त्याच कंपनीत मिळालेल्या बढतीला दोन, हेही जास्तीत जास्त चार. पण ट्रेनीचा ओएस होणे जवळजवळ ठरलेलेच असते, म्हणून त्याला एकच. शेवटचे दोन गुण सध्याच्या दर्जात बारा महिने भरले असतील तर. सहा महिने भरले असतील तर एक, त्याहून कमी असतील तर शून्य.

पहिला मुलगा देवबागचा आहे असे धरू. त्याचे सहा करार एकाच कंपनीत झाले: ट्रेनी नऊ महिने, ओएस आठ आणि सात, एबी आठ, सात आणि सात. तो पाच वेळा परत बोलावला गेला, म्हणून पूर्ण चार गुण. ट्रेनीचा ओएस झाला त्याचा एक आणि ओएसचा एबी झाला त्याचे दोन, असे तीन. एबी म्हणून बावीस महिने भरले, त्याचे दोन. एकूण नऊ.

दुसरा आचऱ्याचा. त्याचे करार पाच आणि बायोडेटावर कंपन्यांची नावेही पाच: ट्रेनी नऊ महिने, ओएस आठ, ओएस सहा, एबी नऊ आणि शेवटी एका लहान जहाजावर बोसन पाच महिने. परत बोलावणे नाही, एका कंपनीत बढती नाही, शेवटच्या दर्जात सहा महिनेही नाहीत. एकूण शून्य. घाईत वाचणारा इथेच शिक्का मारतो की पोरगा टिकत नाही, आणि बायोडेटा बाजूला पडतो.

पण सीडीसीची पाने नीट पाहिली तर वेगळेच दिसते. प्रत्येक जहाजाला सात आकडी आयएमओ क्रमांक असतो. जहाज विकले गेले, त्याचे नाव बदलले, झेंडा बदलला, तरी तो क्रमांक तोच राहतो. या मुलाच्या ओएसच्या दोन्ही करारांत आयएमओ क्रमांक एकच आहे. म्हणजे मुलगा त्याच जहाजावर परत गेला होता. मधल्या काळात मालकाने जहाज सांभाळण्याचे काम दुसऱ्या मॅनेजमेंट कंपनीकडे दिले, म्हणून कंपनीचे नाव बदलले. चौथ्या ओळीत मुलाने तर भरती करणाऱ्या एजंटाचेच नाव कंपनी म्हणून लिहिले होते. ते जहाजही त्याच मालकाचे निघाले. म्हणजे मधले तीनही करार एका मालकाकडचे. दोनदा परत बोलावणे, त्याचे दोन गुण, आणि ओएसचा एबी तिथेच झाला, त्याचे दोन. शून्याचे चार झाले. देवबागच्या मुलाच्या नवाला ते गाठत नाहीत, पण बोसनचे काम केल्याचे गुण त्याला दुसऱ्या भागात मिळतात आणि तो मुलाखतीला बोलावला जातो. एजंट, मॅनेजर आणि मालक ही तीन वेगळी नावे आहेत, एवढे मुलाने लिहिले असते तर हा घोळ झालाच नसता.

त्याच्या शेवटच्या ओळीबद्दल मात्र प्रश्न उरतोच. एबी म्हणून नऊच महिने, आणि लगेच कंपनी बदलून बोसन. हे खोटे असेल असे नाही. लहान जहाजावर माणसे कमी असतात आणि चलाख एबीला संधी मिळते. पण अशा उडीला दुसरा पुरावा लागतो, तो म्हणजे तिथल्या कॅप्टनचा शेरा. पैसे देऊन दर्जा लिहून घेतलेलेही कधी कधी सापडतात. भरतीसाठी खलाशाकडून फी घेणे हे सागरी कामगार करार २००६ प्रमाणे मना आहे. वैद्यकीय दाखला, सीडीसी आणि पासपोर्ट यांचा खर्च तेवढा खलाशाचा. म्हणून वरच्या जागेसाठी कोणी रक्कम मागितली, तर तो दर्जा पुढच्या ऑफिसात टिकणार नाही, हे घरच्यांनी समजून असावे.

आता नऊ गुणांच्या मुलाकडे परत येऊ, कारण नऊ गुणही आंधळेपणाने घ्यायचे नसतात. तो तीन करार एबीच राहिला. का? एका जहाजावर एबी दोन-तीन असतात आणि बोसन एकच. त्याच्या आधीचे दोघे रांगेत असतील, तर थांबणे हा त्याचा दोष नाही. पण प्रत्येक कराराच्या शेवटी कॅप्टन किंवा चीफ ऑफिसर कामाचा अहवाल भरतो आणि त्यात बहुधा एक रकाना असतो: पुढच्या दर्जासाठी शिफारस आहे का? तिन्ही वेळा तिथे नकार असेल, तर मुलगा चांगला एबी आहे, पण माणसांकडून काम करून घ्यायला कचरतो, असा अर्थ निघू शकतो. पहिल्या वेळी नकार आणि नंतर दोनदा होकार असेल, तर मुलगा शिकला आणि जागा नसल्यामुळे थांबला. बढती न होण्याची ही दोन कारणे बायोडेटावर हुबेहूब सारखी दिसतात. त्यांच्यातला फरक फक्त त्या अहवालात कळतो.

हिशोबाची आणखी एक मर्यादा आहे. २०२० मध्ये कोरोनामुळे जगभर खलाशांची अदलाबदल अडली. कोणी करार संपूनही महिनोन्‌महिने जहाजावर राहिले, तर कोणी घरी बसून राहिले. त्या काळातला लांब करार किंवा मोठा खंड यावरून माणसाची पारख करू नये. तसेच कंपनीची जहाजेच कमी झाली, तर परत न बोलावण्यात मुलाचा काय दोष? बायोडेटात एक ओळ लिहिली की पुरते: "कंपनीने जहाज विकले."

म्हणून घरात कोणी बायोडेटा तयार करत असेल, तर त्याच्या शेजारी बसून एवढे पाहावे. प्रत्येक कराराची ओळ वेगळी हवी. तिच्यात दर्जा, चढल्या-उतरल्याच्या तारखा, जहाजाचा आयएमओ क्रमांक, मालक किंवा मॅनेजरचे नाव आणि एजंटाचे नाव वेगवेगळे हवे. एकाच कंपनीचे करार एकाखाली एक यावेत, म्हणजे पायऱ्या डोळ्यांना दिसतील. तारखा सीडीसीशी दिवसासकट जुळाव्यात. शेवटचे दोन अहवाल सोबत जोडावेत. आणि दर्जा तोच लिहावा, जो सीडीसीत आहे. "बोसनचे काम पाहिले" आणि "बोसन होतो" यांतला फरक वाचणाऱ्याला लगेच कळतो, आणि एकदा संशय आला की खऱ्या ओळीही तो पुन्हा तपासायला घेतो.

जुना सारंग ज्या गोष्टी डोळ्यांनी पाहायचा, त्याच आता या ओळींतून वाचल्या जातात. परत कोणी बोलावले, आणि बोलावल्यावर हाती काय सोपवले?