पट्ट्यातली गर्दी आणि सात शेजारी

कागदावर एक लाख ठिपके आहेत. त्यांतले एकमेकांच्या सर्वांत जवळचे दोन कोणते? प्रश्न पोरकट वाटतो, आणि कॉम्प्युटरकडून तो सोडवून घेण्याची पहिली रीतही तशीच सरळ आहे: प्रत्येक ठिपक्याचं बाकी प्रत्येकापासूनचं अंतर मोजायचं आणि सर्वांत लहान निघेल ते ठेवायचं. मात्र एक लाख ठिपक्यांच्या जोड्या जवळजवळ पाचशे कोटी होतात. ठिपके दुप्पट केले की काम चौपट होतं, आणि हे चौपटीचं गणित वेगवान यंत्रालाही लवकरच पुरून उरतं.

१९७५ साली येल विद्यापीठातल्या मायकेल शेमॉस आणि डॅन होई यांनी दाखवलं की इतक्या जोड्या तपासण्याची गरज नाही. पुढच्याच वर्षी जॉन बेंटली आणि शेमॉस यांनी ‘फोडा आणि सोडवा’ ही रीत दोनापेक्षा जास्त मितींच्या अवकाशातही नेली. आज कॉम्प्युटर शिकणाऱ्या बहुतेकांना या प्रश्नाची हीच रीत शिकवली जाते. एक लाखाला निम्मं-निम्मं करत गेलं तर साधारण सतरा पायऱ्यांत आपण एकावर येतो. या रीतीत प्रत्येक पायरीवर लाखाच्या पटीतलं थोडं काम असतं, म्हणजे पाचशे कोटींच्या जागी काही लाखांचा किंवा फार तर काही कोटींचा हिशेब.

रीत सांगायला सोपी आहे. ठिपके डावीकडून उजवीकडे क्रमाने लावायचे आणि मधोमध एक उभी रेघ ओढायची. अर्धे ठिपके डावीकडे गेले, अर्धे उजवीकडे. दोन्ही बाजूंना हाच प्रश्न सोडवायचा, त्यासाठी त्या बाजूंचेही पुन्हा दोन भाग करायचे, आणि दोन-तीन ठिपके उरले की अंतर थेट मोजायचं. समजा, डावीकडच्या सर्वांत जवळच्या जोडीचं आणि उजवीकडच्या सर्वांत जवळच्या जोडीचं अंतर हाती आलं. त्यांतल्या लहान अंतराला d म्हणू.

खरी अडचण इथे सुरू होते. सर्वांत जवळची जोडी रेघेच्या अलीकडे-पलीकडे असू शकते, एक डावा आणि एक उजवा. अशा जोड्या पुन्हा पाव n² इतक्या आहेत. त्या सगळ्या तपासायच्या तर फोडण्याचा काहीच फायदा नाही.

पहिली काटछाट सहज सुचते. रेघेपासून d किंवा त्याहून लांब असलेल्या ठिपक्याला रेघेपलीकडचा कोणीही d पेक्षा जवळ असू शकत नाही. म्हणून रेघेच्या दोन्ही बाजूंना d रुंदीचा, एकूण 2d रुंदीचा उभा पट्टा घ्यायचा आणि बाकी ठिपके सोडून द्यायचे. पट्टा अरुंद, म्हणून त्यात ठिपके कमी, म्हणून काम कमी, असं इथे बरेच जण समजून घेतात. ते खरं नाही. पट्टा कितीही अरुंद असला तरी त्यात सगळेच्या सगळे ठिपके बसू शकतात. सारे ठिपके एका उभ्या ओळीत, एकाखाली एक ठेवून पाहा: रेघ त्यांच्यातूनच जाते आणि पट्ट्याबाहेर एकही उरत नाही. तेव्हा पट्ट्याची तपासणी स्वस्त पडण्याचं कारण दुसरंच असलं पाहिजे.

ते कारण d या अंतरातच दडलेलं आहे. दोन्ही बाजू आधीच सोडवल्या आहेत. म्हणजे डावीकडचे कोणतेही दोन ठिपके एकमेकांपासून निदान d अंतरावर आहेत, आणि उजवीकडचेही. अंतराचं असं बंधन आलं की गर्दीला आपोआप मर्यादा पडते. हापूसची कलमं दहा-दहा मीटरवर लावायची ठरली की एकरात चाळीसच्या आसपासच बसतात, मालकाची हौस कितीही मोठी असो. पट्ट्याच्या प्रत्येक बाजूला ठिपक्यांची तीच गत आहे.

आता पट्ट्यातले ठिपके खालून वर, म्हणजे उंचीच्या क्रमाने घ्यायचे. एक ठिपका धरा. त्याच्या वरचे कोण-कोण त्याला d पेक्षा जवळ असू शकतील? उंचीतला फरक d किंवा जास्त असला तर अंतरही तितकं असणारच, म्हणून तेवढ्यापलीकडे बघायचं कारण नाही. उरतो तो 2d रुंद आणि d उंच असा आडवा आयत: रेघेच्या डावीकडे d बाजूचा एक चौकोन, उजवीकडे तसाच दुसरा. डाव्या चौकोनाचे चार सारखे तुकडे करा. प्रत्येक तुकड्याची बाजू d च्या निम्मी, आणि कर्ण साधारण 0.71d. एका तुकड्यात डावीकडचे दोन ठिपके असते तर त्यांच्यातलं अंतर फार तर 0.71d भरलं असतं. पण डावीकडे d पेक्षा जवळची जोडी नाही, हे आधीच ठरलेलं आहे. म्हणून एका तुकड्यात फार तर एक, आणि चार तुकड्यांत फार तर चार. उजवीकडेही चार. आयतात जास्तीत जास्त आठ ठिपके, त्यांतला एक आपण धरलेलाच. तपासायला उरले फार तर सात.

डाव्याचा आणि उजव्याचा हिशेब वेगळा ठेवण्यात या युक्तिवादाची सगळी मेख आहे. वेगवेगळ्या बाजूंचे दोन ठिपके एकमेकांना अगदी खेटून असू शकतात. आपण शोधतो आहोत ते तेच! बंधन फक्त एकाच बाजूच्या ठिपक्यांना लागू आहे. ठिपका नेमका रेघेवर असेल तर वाटणीत तो ज्या बाजूला गेला त्या बाजूच्या तुकड्यात तो मोजायचा.

म्हणजे पट्ट्यात लाखभर ठिपके असले तरी प्रत्येकाला पुढच्या सातांपेक्षा जास्त जणांशी ताडून बघावं लागत नाही. लाख ठिपक्यांना सात लाख, दोन लाखांना चौदा लाख: काम ठिपक्यांच्या प्रमाणात वाढतं, त्यांच्या वर्गाच्या प्रमाणात नाही. रेषीय वेळ म्हणतात ती ही. सात हा आकडाही कमाल मर्यादेचा आहे, प्रत्यक्षात क्वचितच कोणाला इतके शेजारी असतात.

दहा ठिपके घेऊन हे करून पाहू. कंसातला पहिला आकडा आडवी जागा, दुसरा उंची. डावीकडे क (३, २०), ख (५, ६), ग (८, २९), घ (१३, १३), च (१९, २१). उजवीकडे छ (२१, १७), ज (२४, ५), झ (२७, ३०), ट (३३, १२), ठ (३६, २४). मधली रेघ २० वर.

डावीकडची सर्वांत जवळची जोडी घ आणि च: आडवा फरक ६, उंचीचा ८, अंतर १०. उजवीकडची झ आणि ठ: ९ आणि ६, अंतर सुमारे १०.८. लहान ते १०, म्हणून पट्टा १० ते ३० पर्यंत. क, ख, ग, ट आणि ठ बाहेर पडतात. आत राहतात पाच, खालून वर क्रमाने ज, घ, छ, च, झ.

ज ची उंची ५. त्याच्यानंतरचा घ १३ वर, फरक ८, म्हणून अंतर मोजायचं: १३.६, कामाचं नाही. पुढचा छ १७ वर, फरक १२, इथेच थांबायचं. घ ला छ तपासायचा: ८ आणि ४, अंतर ८.९४. दहापेक्षा कमी, म्हणून d आता ८.९४. मग च: उंचीचा फरक ८, अंतर तेच जुनं १०. झ उंचीतच लांब, थांबायचं. छ ला च: आडवा फरक २, उंचीचा ४, अंतर ४.४७. नवं d. झ पुन्हा लांब. शेवटी च आणि झ, फरक ९, आता ४.४७ पेक्षा जास्त, संपलं. रेघेपलीकडच्या पंचवीस जोड्या होत्या, या पट्ट्यात अंतर मोजलं ते चारच वेळा, आणि त्यांतलीही एक जोडी एकाच बाजूची निघाली. d मध्येच लहान झालं तरी युक्तिवाद बिघडत नाही, आयत उलट बुटका होतो आणि आपण आणखी लवकर थांबतो.

एक गोष्ट वर मी सहज बोलून गेलो: ‘उंचीच्या क्रमाने घ्यायचे’. हा क्रम येतो कुठून? पट्टा हाती आला की दर वेळी तो नव्याने क्रमात लावायचा, असं केलं तर तो क्रम लावण्याचंच काम तपासणीपेक्षा जड होतं आणि सतरा पायऱ्यांपैकी प्रत्येकीवर त्याचा भुर्दंड बसतो. उत्तर बरोबर येतं, पण ‘रेषीय’ हा शब्द लटका पडतो. उपाय असा की प्रत्येक अर्ध्या भागाने आपल्या सर्वांत लहान अंतराबरोबर आपले ठिपकेही उंचीच्या क्रमाने लावून परत द्यायचे. क्रमात असलेल्या दोन याद्या एकत्र करायला दोन्हींच्या डोक्यावरचे ठिपके ताडत, लहान तो उचलत जायचं. तेवढ्याने एकच सलग यादी तयार होते. त्या यादीतून पट्ट्याबाहेरचे गाळले की उरलेले क्रमातच असतात.

उंचीचा फरक बघून थांबण्याची अट विसरून पट्ट्यातले सगळे ठिपके सगळ्यांशी ताडले, तर ही चूक फार काळ लपून राहते. उत्तर बरोबरच येतं. शिवाय प्रोग्रॅम तपासायला माणूस सहसा मनमानी विखुरलेले ठिपके घेतो, आणि चौकोनात असे लाख ठिपके टाकले की सर्वांत जवळच्या जोडीचं अंतर इतकं बारीक असतं की मधल्या मोठ्या पट्ट्यात बोटांवर मोजण्याइतकेच ठिपके सापडतात. त्यांना सगळ्यांशी ताडलं काय, सातांशी ताडलं काय, घड्याळात फरक दिसत नाही. चूक उघडी पाडायची असेल तर सगळ्या ठिपक्यांची आडवी जागा एकच ठेवावी, उंची तेवढी वेगळी. मग आधी दहा हजार ठिपके आणि नंतर वीस हजार देऊन वेळ मोजावा. वेळ दुपटीहून किंचित जास्त झाला तर रीत नीट लिहिली आहे, चौपट झाला तर पट्ट्यात कोणीतरी सातांवर थांबलेलं नाही.