कार्डांचा कौल इच्छेविरुद्ध जातो तेव्हा

टॅरो कार्डे वाचणाऱ्याकडे येणाऱ्या प्रश्नांच्या शेवटी पुष्कळदा एक छोटा शब्द असतो. ‘तो परत येईल ना?’, ‘या वेळी व्हिसा मिळेल ना?’ हा ‘ना’ फार काही सांगतो. विचारणाऱ्याने उत्तर मनात आधीच ठरवलेले असते आणि कार्डांकडून त्याला फक्त दुजोरा हवा असतो. कार्डे पिसली जातात, मांडली जातात आणि समोर येते ते नेमके नको असलेले चित्र. अशा वेळी वाचक काय करतो, यावरून त्याची पारख होते.

एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, तिशीतल्या एका बाईंचे चार वर्षांचे नाते सहा महिन्यांपूर्वी तुटले आहे आणि ‘तो परत येईल ना?’ हाच त्यांचा प्रश्न आहे. वाचकाने ‘सेल्टिक क्रॉस’ ही दहा कार्डांची मांडणी केली. आर्थर एडवर्ड वेट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या पुस्तकात दिल्यापासून ही मांडणी सर्वत्र पसरली. पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारलेला आणि 1909 साली लंडनमध्ये निघालेला 78 कार्डांचा संच आजही बहुतेक वाचकांच्या हाती असतो. आपल्या उदाहरणातही तोच आहे. तिसऱ्या जागी आले ‘टू ऑफ कप्स’, नवव्या जागी ‘सिक्स ऑफ कप्स’ आणि दहाव्या, म्हणजे शेवटच्या जागी ‘एट ऑफ कप्स’.

पहिल्या चित्रात एक तरुण आणि एक तरुणी समोरासमोर प्याले धरून उभी आहेत. दुसऱ्यात जुन्या घराच्या अंगणात एक मुलगा फुलांनी भरलेला प्याला लहान मुलीला देतो आहे. हे कार्ड आठवणींचे मानले जाते. तिसऱ्यात रचून ठेवलेल्या आठ प्याल्यांकडे पाठ फिरवून, हातात काठी घेतलेली एक व्यक्ती चंद्रप्रकाशात डोंगराकडे निघून चालली आहे. बाईंची नजर पहिल्या दोन कार्डांवर खिळते. ‘बघा, दोन कार्डं तर चांगली आलीत!’ असे त्या म्हणतात. वाचकाची कसोटी इथे लागते.

सेल्टिक क्रॉसमध्ये प्रत्येक जागेला ठरलेला अर्थ असतो. तिसरी जागा विचारणाऱ्याचे ध्येय किंवा त्या परिस्थितीत साधू शकेल असे उत्तमातले उत्तम, पण अजून प्रत्यक्षात न आलेले, दाखवते. नववी जागा आशा आणि भीती यांची. पुढे काय होणार ते दहावी जागा दाखवते. म्हणजे इच्छेला या मांडणीत स्वतःची जागा आहे. त्या जागी प्रेमाचे कार्ड आले तर ‘याला प्रेम हवे आहे’ एवढेच कळते. प्रेम मिळणार, असे त्यातून निघत नाही. आपल्या उदाहरणात कार्डांचे आपसात भांडण नाहीच. दोन कार्डांनी ओढ दाखवली, एकाने दूर जाणे दाखवले. इच्छा आणि मांडणी यांत विरोध वाटला, तर आधी हेच तपासावे की कोणते कार्ड इच्छेच्या जागी आहे आणि कोणते घडण्याच्या. निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

उरलेला गोंधळ शेवटच्या कार्डाचा. तेव्हा सगळ्यांत मोठा मोह होतो तो आणखी एक कार्ड काढण्याचा. इंग्रजी पुस्तकांतून आलेला ‘क्लॅरिफायर’ हा शब्द त्यासाठी वापरला जातो. याचा हिशेब सोपा आहे. संचातली साधारण निम्मी कार्डे शुभ धरली, तर एका वेळी मनासारखे कार्ड येण्याची शक्यता निम्मी असते. तीनदा काढले तर निदान एकदा तसे कार्ड येण्याची शक्यता सुमारे 8 पैकी 7 होते. म्हणजे पुन्हा पुन्हा काढून ‘हो’ मिळवणे कुणालाही जमते, आणि म्हणूनच त्या ‘हो’ला काही अर्थ उरत नाही. शेवटच्या कार्डावरून निर्णय लागतच नसेल, तर तेच कार्ड मध्यभागी ठेवून मांडणी पुन्हा करावी, अशी मुभा वेट यांनी दिली आहे. पण ती संदिग्ध कार्डासाठी आहे. ‘एट ऑफ कप्स’ मनाविरुद्ध आहे, संदिग्ध नाही. जादा कार्ड काढायचे की नाही, उलट्या पडलेल्या कार्डाचा अर्थ वेगळा धरायचा की नाही, हे सारे कार्डे पिसण्यापूर्वी ठरलेले असावे. कार्ड पाहून बदललेला नियम हा नियम नव्हे.

मग सांगायचे कसे? चित्रापासून सुरुवात करणे सर्वांत बरे. ‘ताई, या चित्रात तुम्हाला काय दिसतं?’ असे विचारावे आणि थांबावे. कुणी म्हणेल, ‘तो निघून गेला.’ कुणी बराच वेळ पाहून म्हणेल, ‘ही मीच आहे का?’ दोन्ही वाचने या कार्डात बसतात, कारण जाणारी व्यक्ती पाठमोरी आहे. त्यानंतर मात्र गोलमाल भाषा नको. ‘या मांडणीत तो परत येण्याचं चित्र दिसत नाही,’ हे वाक्य स्पष्टपणे उच्चारले गेलेच पाहिजे. ‘तो येणारच नाही’ हे वाक्य मात्र वेगळे आहे, आणि ते म्हणण्याचा अधिकार वाचकाला नाही. पिसलेल्या कार्डांचा क्रम योगायोगाने ठरतो. दूर राहणाऱ्या माणसाच्या मनात काय चालले आहे, हे कार्डांतून कळते याला कसलाही पुरावा नाही. कार्डांचा उपयोग इतकाच की समोरच्याला स्वतःशी बोलायला एक चित्र मिळते. वाईट कार्डाला गोड करून सांगणे आणि त्याला अटळ भविष्य ठरवणे, या दोन्हींत हा उपयोग वाया जातो.

इथून पुढे प्रश्न बदलावा लागतो, कारण ‘तो येईल का’ याचे उत्तर बाईंच्या हातात नाही. ‘त्याला शेवटचं एकदा विचारून पाहायचं का, आणि नाही म्हणाला तर पुढचे तीन महिने मी कसे काढू?’ हा प्रश्न त्यांच्या हातातला आहे. जुनी मांडणी न मोडता ‘एट ऑफ कप्स’ समोर ठेवून त्यावर बोलता येते. मागे राहिलेल्या प्याल्यांपैकी काय खरोखर सोडवत नाही, काय केवळ सवय आहे? असे बोलणे अर्धा तास सहज चालते. शेवटी तारीख, प्रश्न आणि दहाही कार्डे वहीत उतरवून घ्यावीत, म्हणजे पुढच्या वेळी आठवणीत फेरफार होत नाही.

बिघाडाच्या खुणा ओळखता येतात. तोच प्रश्न घेऊन दर आठवड्याला कुणी येत असेल, एकाचे उत्तर पटले नाही म्हणून दुसऱ्या वाचकाकडे जात असेल, तर पुढचे वाचन नाकारणेच योग्य. आजार, गर्भारपण, कोर्टातला निकाल यांवर कार्डे मांडू नयेत. विचारणारा जगण्यातच अर्थ नाही असे बोलू लागला, तर कार्डे बाजूला ठेवून त्याला एकटे न सोडता मदतीशी जोडून द्यावे. सरकारची ‘टेलिमानस’ ही मानसिक आरोग्याची मोफत हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर आहे. आणि मनाविरुद्ध कार्ड आल्याबरोबर ‘हे बदलता येईल, पण त्यासाठी विधी करावा लागेल’ असे सांगून वेगळे पैसे मागणारा वाचक भेटला, तर ठरलेले शुल्क देऊन तिथून उठावे आणि पुन्हा त्या दारात जाऊ नये.