पेग एकपेक्षा कमी, म्हणजे शेअर स्वस्त?

डीमॅट अकाउंट उघडलं, अ‍ॅपमधला स्क्रीनर लावला आणि ‘पेग रेशो १ पेक्षा कमी’ अशी चाळणी टाकली, की दोन मिनिटांत ‘स्वस्त’ शेअर्सची यादी हातात! तुमच्या ग्रुपमध्येही कुणीतरी हे करत असेलच. (नावावरून हसू नका, या पेगचा ग्लासशी काही संबंध नाही.) पण त्या यादीवर विश्वास ठेवण्याआधी हा आकडा बनतो कसा, ते एकदा बघाच.

सुरुवात पीई रेशोपासून. शेअरच्या भावाला एका शेअरमागच्या वर्षभराच्या नफ्याने, म्हणजे ईपीएसने भागलं की पीई मिळतो. समजा, ‘क’ कंपनीचा शेअर २०० रुपयांना आहे आणि ईपीएस २० रुपये, तर पीई १०. ‘ख’ कंपनीचा ईपीएसही २० रुपयेच, पण शेअर ६०० रुपयांना, म्हणजे पीई ३०. नुसत्या पीईवर गेलात तर ‘ख’ तिप्पट महाग वाटेल.

आता नफा किती वेगाने वाढतोय ते बघा. ‘क’चा नफा वर्षाला ५ टक्के वाढतोय, ‘ख’चा ३० टक्के. पीईला या वाढीच्या आकड्याने भागायचं, की झाला पेग. ‘क’चा पेग १० भागिले ५, म्हणजे २. ‘ख’चा ३० भागिले ३०, म्हणजे १. चित्रच उलटं झालं! ही पद्धत घराघरांत नेली अमेरिकेतले फंड मॅनेजर पीटर लिंच यांनी, १९८९ मध्ये आलेल्या ‘वन अप ऑन वॉल स्ट्रीट’ या पुस्तकातून. योग्य भावाच्या कंपनीचा पीई तिच्या वाढीच्या दराइतका असतो, हा त्यांचा ढोबळ नियम. पेग १ पेक्षा कमी म्हणजे स्वस्त, हे त्यातूनच आलं.

गडबड आहे ती खालच्या आकड्यात. भाव आजचा असतो, नफा जाहीर झालेला असतो, पण पुढची वाढ हा अंदाज असतो. समजा, ‘ख’चा नफा ३० ऐवजी १५ टक्केच वाढला. ईपीएस २० वरून २३ झाला. म्हणजे कंपनी तोट्यात नाही, नफा वाढलाच आहे. पण १५ टक्के वाढीच्या कंपनीला बाजार ३० चा पीई कशाला देईल? तो १५ वर आला, तर भाव २३ गुणिले १५, म्हणजे ३४५ रुपये. नफा वाढूनही ६०० चा शेअर ३४५ वर!

‘मग अंदाज नको, मागची वाढ धरू,’ असं म्हणाल, तर तिथे वेगळा सापळा आहे. एका हॉटेल कंपनीची कल्पना करा. कोविडआधी ईपीएस १० रुपये, लॉकडाउनच्या वर्षी २ आणि सगळं सुरळीत झाल्यावर पुन्हा १०. शेवटच्या टप्प्यातली वाढ मोजली तर ती येते ४०० टक्के. पीई ३० असेल तर पेग ०.०७५, म्हणजे जवळजवळ फुकट! प्रत्यक्षात कंपनी जिथे होती तिथेच परत आलीये. म्हणून एका वर्षाची उडी न धरता तीन ते पाच वर्षांची सरासरी वाढ बघा आणि सुरुवातीचं वर्ष पडझडीचं नव्हतं ना, तेही तपासा.

आणखी एक मुद्दा. पीई १० आणि वाढ १० टक्के, किंवा पीई ४० आणि वाढ ४० टक्के, दोन्हींचा पेग १ च. पण पाच वर्षं १० टक्क्यांनी वाढायला नफा साधारण १.६ पट व्हावा लागतो, ४० टक्क्यांनी वाढायला जवळपास ५.४ पट. दुसरं काम किती कठीण आहे, हे पेग सांगत नाही. ती वाढ कर्ज काढून आणलीये का, तेही सांगत नाही.

उलट बाजूनेही तो फसवतो. पीई १०, वाढ ३ टक्के आणि भावाच्या ६ टक्के डिव्हिडंड देणारी कंपनी घ्या. पेग येतो ३.३, म्हणजे महाग. लिंच अशा वेळी वाढीत डिव्हिडंड मिळवायचे. १० भागिले ९ केलं की उत्तर येतं १.१!

तेव्हा पुढच्या वेळी स्क्रीनरवर ०.५ चा पेग दिसला, की आधी एवढंच शोधा: यात वाढ कुठल्या वर्षांची धरलीये, आणि ती निम्मी झाली तर पेग किती होतो? निम्म्या वाढीवरही तो १ च्या आसपास राहत असेल, तर त्या कंपनीचा ताळेबंद उघडायला हरकत नाही.