टोमॅटोचा भाव कोण ठरवतं?

आमचा पाच मिनिटांचा व्हिडिओ पहाटे पावणेपाचला सुरू होतो. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात टोमॅटोच्या क्रेटची थप्पी लागली आहे. एक मावशी वरच्या क्रेटमध्ये कोपरापर्यंत हात घालतात, तळाचा टोमॅटो वर काढतात, अंगठ्याने दाबून बघतात आणि काही न बोलता पुढच्या गाळ्याकडे वळतात. त्या आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर हातगाडी लावतात. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. मागणी-पुरवठ्याच्या दोन रेघा फळ्यावर काढून मुलांच्या डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नव्हतं, म्हणून मुलांना घेऊन हा व्हिडिओ केला. मावशींची एकच अट होती, नाव घालायचं नाही.

व्हिडिओत मुलांनी त्यांना पहिला प्रश्न विचारला तो तुम्हीआम्ही रोज विचारतो तोच. "मावशी, काल चाळीस होते, आज पन्नास कसे?" त्यांनी एका शब्दात उत्तर दिलं, "आवक."

आवक म्हणजे त्या रात्री बाजारात उतरलेला माल. टोमॅटोचा भाव समजून घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते. समजा, दहा विक्रेत्यांना रोज एकेक क्रेट लागतं आणि एका पहाटे आठच क्रेट आली. आता शेतातून आणखी दोन क्रेट मागवता येत नाहीत, कारण पिकायचा तो माल पिकून तोडून झालेला आहे. इकडे गिऱ्हाईकही हटत नाही, कारण आमटी-भाजीत टोमॅटो घालायची घराघरात सवय आहे. भाव दुप्पट झाला म्हणून कोणी खाणं निम्म्यावर आणत नाही, फार तर किलोऐवजी तीन पाव घेतं. म्हणजे दहापैकी दोघं स्वतःहून मागे सरेपर्यंत भाव चढतच राहणार, आणि आपली नेहमीची गिऱ्हाइकं मोडायला कोणताच विक्रेता सहज तयार होत नाही. आवक थोडीशी घटली तरी भाव एवढी मोठी उडी मारतो तो यामुळे. उलट, बारा क्रेट आली की तितक्याच वेगाने भाव कोसळतो. स्वस्त झाले म्हणून घरात कोणी दुप्पट टोमॅटो खात नाही, आणि न विकलेला माल अडत्या उद्यावर ढकलू शकत नाही. बाजारात याला 'उठाव नाही' म्हणतात.

साठवण हा इथला कळीचा मुद्दा आहे. उन्हाळी कांदा चाळीत भरून काही महिने थांबवता येतो, त्यामुळे आजचा जास्तीचा कांदा दिवाळीपर्यंत पुरवून विकता येतो. पिकलेल्या टोमॅटोला ती सोय नाही. मेथी-कोथिंबिरीला तर त्याहून नाही. पावसात भिजलेली जुडी दुपारपर्यंत पिवळी पडते. जी भाजी जितकी लवकर नासते, तिचा भाव तितका जास्त हेलकावे खातो.

व्हिडिओचा दुसरा भाग हातगाडीवर घडतो. इथे मावशींचा हिशेब आम्ही वहीत मांडला. सोयीसाठी आकडे गोल केले आहेत. वीस किलोचं क्रेट सहाशे रुपयांना, म्हणजे तीस रुपये किलोने घेतलं. महाराष्ट्रात २०१६ पासून फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घेतली जाते. ती शेकडा सहा धरली तर छत्तीस रुपये झाले. हमाली-तोलाईचे दहा आणि टेम्पोतल्या जागेचे चोवीस मिळवले की क्रेट सहाशे सत्तरला गाडीवर पोचलं.

आता त्या वीस किलोंतले दोन किलो कधीच विकले जात नाहीत. काही तळाशी चेपलेले असतात, काही उन्हात मऊ पडतात, काही गिऱ्हाइकांच्या दाबून बघण्यानेच जातात. राहिले अठरा. त्यातले चौदा किलो पन्नासच्या भावाने गेले, त्याचे सातशे झाले. संध्याकाळी सात वाजता उरलेले चार किलो त्यांनी तीस रुपयांनी काढले, त्याचे एकशेवीस. हातात आले आठशे वीस आणि एका क्रेटमागे सुटले दीडशे. घेतले तीसने आणि विकले पन्नासने, म्हणजे किलोमागे वीस रुपये नफा, असं आपण उभ्या उभ्या गणित करतो. खरा नफा विकलेल्या किलोमागे आठ-साडेआठ रुपये आहे, आणि त्यात पहाटे चारपासून रात्री नऊपर्यंतची त्यांची मजुरी धरलेली नाही.

संध्याकाळच्या त्या चार किलोंवर आम्ही कॅमेरा बराच वेळ ठेवला. सकाळी पन्नासला ठाम असलेल्या मावशी रात्री तीसला का तयार झाल्या? एका मुलाला वाटलं, सकाळी त्या जास्त घेत असणार. पण सातच्या सुमाराला क्रेटची किंमत देऊन झालेली असते. ती परत मिळवायची की नाही, हा प्रश्न उरत नाही. समोर दोनच वाटा असतात: आज तीसने विकणं किंवा उद्या फेकून देणं. फ्रीज नसलेल्या विक्रेत्याला तीस हाच चांगला भाव असतो. सकाळी निवडून घेणाऱ्याने दिलेले पन्नास आणि रात्री उरलंसुरलं घेणाऱ्याने दिलेले तीस मिळूनच ते क्रेट वसूल होतं.

याच वहीत आणखी एका तक्रारीचं उत्तर सापडतं. बाजार समितीत टोमॅटो पाच रुपये किलो झाल्याची बातमी येते आणि कोपऱ्यावर मात्र पंधरा-सोळाच असतात. मग विक्रेता लुटतो, असा निष्कर्ष काढायला आपण मोकळे होतो. पाच रुपयांचा हिशेब करून बघा. क्रेट शंभर रुपयांचं, अडत सहा, पण हमाली-तोलाईचे दहा आणि टेम्पोचे चोवीस तेवढेच राहतात. झाले एकशे चाळीस. मावशींना क्रेटमागे तेच दीडशे सुटायला हवे असतील, तर अठरा किलोंतून दोनशे नव्वद यायला हवेत. म्हणजे किलोला सोळा रुपये. शेतकऱ्याचा भाव एक षष्ठांश झाला, पण आपला भाव सरासरी पंचेचाळीसवरून सोळावर, जेमतेम एक तृतीयांशावर आला. वाहतूक आणि मजुरी टोमॅटोबरोबर स्वस्त होत नाही, एवढंच त्यामागचं कारण आहे.

पण या गणिताची दुसरी बाजू मला अस्वस्थ करते. तीसच्या भावात आपल्या प्रत्येक रुपयातले सुमारे त्र्याहत्तर पैसे बाजारात माल आणणाऱ्या शेतकऱ्याच्या नावावर जमा होत होते. पाचच्या भावात चौतीसच झाले. त्यातूनच त्याला तोडणीची मजुरी आणि गावापासूनचं गाडीभाडं द्यायचं आहे. ते सुटत नाही तेव्हा तो टोमॅटो तोडतच नाही, झाडावर लाल होऊन गळू देतो. भाव पडतो तेव्हा त्याचा सगळ्यात मोठा मार शेताच्या टोकाला बसतो आणि पुढच्या महागाईचं बी तिथेच पडतं.

ते कसं, हे व्हिडिओच्या शेवटच्या मिनिटात आहे. टोमॅटोची रोपं तयार व्हायला साधारण महिना लागतो आणि लागवडीनंतर पहिला तोडा यायला दोन-सव्वादोन महिने. म्हणजे आजच्या भावाकडे बघून घेतलेल्या निर्णयाचा माल तिसऱ्या महिन्यात बाजारात येतो. आज भाव पडलेला असेल तर बरेच जण लागवड टाळतात, म्हणून तीन महिन्यांनी आवक घटते आणि भाव चढतो. तो चढलेला भाव बघून सगळेच लावतात आणि पुढच्या तीन महिन्यांत माल मावेनासा होतो. अर्थशास्त्रात याला कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धांत म्हणतात, कारण भावाची ही ये-जा आलेखावर काढली की जाळ्यासारखी आकृती तयार होते. यात कोणाचंच गणित चुकत नाही. प्रत्येक शेतकरी आपल्यापुरता शहाणपणाने वागतो, पण शेजारच्या तालुक्यात किती लागवड झाली आहे, हे त्याला वेळेवर कळत नाही.

२०२३ साल हे याचं डोळ्यांसमोरचं उदाहरण आहे. त्या उन्हाळ्यात टोमॅटोला भाव नव्हता. अनेकांनी उभं पीक सोडून दिलं, नव्या लागवडी कमी झाल्या. त्यात उष्णतेने आणि विषाणूजन्य रोगांनी पीक पोखरलं, पुढे पावसाने तोडणी आणि वाहतूक अडवली. जुलैत किरकोळ भाव शंभरच्या पुढे गेला, काही शहरांत त्याच्याही बराच वर. नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव मिळाला. केंद्र सरकारने १४ जुलैपासून दिल्लीत ९० रुपये किलोने टोमॅटो विकायला सुरुवात केली. त्या भावाच्या आशेने ज्यांनी रोपं लावली, त्यांचा माल सप्टेंबरमध्ये आला, तेव्हा भाव कोसळला होता आणि महाराष्ट्रातले शेतकरी पुन्हा टोमॅटो रस्त्यावर ओतत होते.

त्या जुलैत मावशी काय करत होत्या, हेही मुलांनी विचारलं. दोन हजारांचं क्रेट गाडीवर पोचेपर्यंत त्यांना एकवीसशे चोपन्नला पडतं. एक क्रेट नासलं तर आठवड्याची कमाई बुडणार, म्हणून त्या दुसऱ्या विक्रेतीबरोबर एक क्रेट निम्मं-निम्मं करून घेत होत्या. गिऱ्हाईक पावशेरावर आलं होतं. "महाग झाल्यावर आम्ही कमावतो असं लोकांना वाटतं," त्या म्हणाल्या, "पण महागाईत आमचा माल कमी खपतो आणि भीती जास्त असते."

या हिशेबाची मर्यादाही सांगायला हवी. माल दुसऱ्या राज्यातून येतो तेव्हा मधले हात वाढतात, आणि प्रत्येक हाताचा खर्च आणि नफा भावात चढतो. मोजके खरेदीदार एकत्र येऊन भाव पाडतात, असंही काही बाजारांत घडतं. ते शोधायची एक सोपी खूण आहे. बाजार समितीचा भाव आणि कोपऱ्यावरचा भाव यांतलं रुपयांतलं अंतर आठवडाभर लिहून ठेवा. टोमॅटोचा घाऊक भाव पाचवरून तीसवर गेला, तर आमच्या वहीत हे अंतर अकरावरून पंधरा-सोळा रुपयांवर जातं, कारण अडत आणि नासाडी भावाबरोबर वाढतात. आवक आणि घाऊक भाव स्थिर असताना हे अंतर अचानक वाढलं, तर मात्र कोणीतरी मध्ये हात मारत असण्याची शक्यता आहे.

भाव चढला की सरकार जागं होतं आणि स्वस्त विक्रीची केंद्रं उघडतं. भाव पडला की तेवढी धावपळ दिसत नाही, आणि पुढची महागाई तर तिथेच पेरली जाते. कोणत्या तालुक्यात किती रोपं लागली, याची माहिती लागवडीच्या वेळीच शेतकऱ्याच्या मोबाईलवर पोचली आणि पडत्या भावात माल उचलणारे प्रक्रिया उद्योग जवळपास असले, तर हा झोका पुष्कळ आवरता येईल. ही मागणी भाव पडलेला असतानाच आपण ग्राहकांनी केली पाहिजे, कारण त्याच वेळी शेतकऱ्याचं पीक वाचेल आणि तीन महिन्यांनी आपलाही खर्च.